दाराच्या 'आय'च्या जागी स्क्रीनवाला डिजिटल व्ह्यूअर: जाड दार आणि सेलचा खर्च

मृण्मयी_के
आई डोंबिवलीत एकटी असते. वय ७४, उंची चार फूट दहा इंच. दाराची आय बाबांच्या उंचीला बसवलेली आहे, त्यामुळे बेल वाजली की आई आतून "कोण आहे?" असं विचारते, बाहेरून "मी" असं उत्तर येतं आणि ती दार उघडते. हा 'मी' कोण, ते दार उघडल्यावर कळतं!

आता आय काढून तिथे स्क्रीनवाला डिजिटल व्ह्यूअर बसवायचा विचार आहे. बटण दाबलं की बाहेरचा माणूस दिसला, एवढंच हवंय. ऑनलाइन बघितलं तर दीड हजारापासून दहा हजारांपर्यंत आहेत. काही साध्या सेलवर चालणारे, काही चार्जिंगचे, काहींना वायफाय आणि माणूस आला की आपोआप चालू होणारा सेन्सर.

दोन अडचणी आहेत. एक म्हणजे मी महिन्यातून एकदा डोंबिवलीला जाते, तेव्हा चार्जिंग-सेलची कटकट आईच्या मागे लागायला नको. दुसरी म्हणजे दार. मी कडेला मोजलं तर ३६ मिमी आलं, पण बाहेरून त्यावर नक्षीचं सागवानी पॅनल ठोकलेलं आहे. बहुतेक व्ह्यूअरवर '३५ ते ६० मिमी' लिहिलेलं असतं, म्हणजे आमचं बसायला हरकत नसावी ना? कोणी वापरलाय का?

खडूस पुणेकर
सरळ व्हिडिओ डोअरफोन घ्या. आमच्याकडे आठ वर्षं झाली. वायर ओढायची, बाहेर बेलचं युनिट, आत सात इंची स्क्रीन. सेलची भानगडच नाही. लोक उगाच खेळणी विकत घेतात.

मृण्मयी_के
काका, भिंत फोडून वायर ओढायला आई तयार नाही. गेल्याच वर्षी रंग दिलाय. आहे त्याच भोकात बसणारं हवंय.

खडूस पुणेकर
मग रंगाला जपा.

सुतारपक्षी
मृण्मयीताई, कडेचं माप कामाचं नाही. पॅनल कडेपर्यंत येत नाही, ते मध्ये असतं, आणि आयचं भोक त्या पॅनलातूनच जातं. जाडी मोजायची ती भोकातच. आय आधी काढा. आतल्या बाजूच्या कडीला खाच असते, तिच्यात रुपयाचं नाणं घालून फिरवायचं आणि बाहेरचं टोक दुसऱ्या कोणीतरी धरायचं, नाहीतर दोन्ही एकत्र गरगर फिरतात. मग भोकात उदबत्तीची काडी घाला, दोन्ही बाजूंना पट्टी दाराला टेकवून काडीवर पेनाने खुणा करा, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. भोकाचा व्यासही बघा. आमच्याकडे अर्धा इंची, म्हणजे चार सुती बिट मारायची पद्धत, तो पावणेतेरा मिमी होतो. या व्ह्यूअरची नळी बहुधा १४ मिमीची असते, तेव्हा अडू शकते.

आणि आणखी एक. ५ मिमीचा फरक 'चालेल' म्हणून सोडू नका. डब्यावर ६० लिहिलंय म्हणजे ६०ला नळीचे शेवटचे दोन-तीन आटे धरतील. दार दोनदा आपटलं की सैल. आपल्या मापापेक्षा निदान आठ-दहा मिमी जास्त ताकदीचा घ्यायचा.

चिमणचारा
आमच्या सासूबाईंकडे आहे, झकास चालतो. तीन पेन्सिल सेल, वर्षभर बघायला लागत नाही.

अनिकेत_वाकड
वर्षभर?? माझा ५००० एमएएचचा चार्जिंगवाला सव्वीस दिवसांत झोपला. डब्यावर 'सहा महिने' छापलेलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, पण कस्टमर केअरने 'सर, वापरावर अवलंबून आहे' एवढंच सांगितलं.

व्होल्टमामा
चिमणचारा आणि अनिकेत, दोघांचंही खरं असू शकतं. मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे हौस म्हणून माझ्या व्ह्यूअरच्या सेलच्या मध्ये मीटर लावून बघितला. माझा अगदी साधा आहे, बटण दाबल्यावर चालू होणारा, चार डबल ए सेलचा. स्क्रीन चालू असताना २१० मिलिअँपिअर खेचतो. बंद असताना एक दशांश मिलिअँपिअरसुद्धा नाही, म्हणजे जवळपास शून्यच.

बटण दाबल्यावर स्क्रीन पंधरा सेकंद राहते. आमच्याकडे दिवसाला साधारण बारा वेळा दाबलं जातं, दूधवाला, कचरेवाली, कुरिअर, शेजारचा नातू सगळे धरून. म्हणजे दिवसाला तीन मिनिटं. २१० ला तीन मिनिटांनी गुणून साठने भागा, साडेदहा एमएएच रोजचे. चांगल्या अल्कलाइन सेलमधून अशा कामाला २००० तरी मिळतात. चारही सेल एकामागे एक जोडलेले असल्याने व्होल्ट चौपट होतात, एमएएच मात्र तेवढेच राहतात. २००० भागिले साडेदहा म्हणजे १९० दिवस, सहा महिने. मला प्रत्यक्षात पाच महिने मिळाले.

आता सासूबाई दिवसातून तीनदाच बघत असतील तर वर्ष सहज निघेल. त्यामुळे 'बॅटरी किती दिवस' हा प्रश्न अर्धाच आहे. दिवसातून किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती सेकंद, ते विचारा.

अनिकेत, तुझ्या दारासमोर लिफ्ट आहे का?

अनिकेत_वाकड
समोरच. पाच फुटांवर. कसं ओळखलंत?

व्होल्टमामा
सेन्सर कोणाचं काम आहे आणि कोणाचं नाही हे बघत नाही, उष्णता हलली की जागा होतो. मजल्यावर चार घरं असली तर लिफ्टला ये-जा दिवसाला सत्तर-पंच्याहत्तर वेळा होणारच. प्रत्येक वेळी तो वीस सेकंद जागा राहून व्हिडिओ काढतो आणि वायफायने पाठवतो. तेव्हा खर्च तीनशेच्या आसपास धरा. पंचवीस मिनिटं गुणिले ३००, म्हणजे सव्वाशे एमएएच रोजचे नुसते लिफ्टच्या नावावर. वर वायफायशी संबंध तुटू नये म्हणून तो दिवसरात्र दोन-अडीच मिलिअँपिअर खात बसतो, त्याचे साठ. एकूण १८५. पाच हजाराला भागलंस तर सत्तावीस दिवस. तुझे सव्वीस. छापलेले सहा महिने दिवसाला दोन-चार माणसं येणाऱ्या दाराचे असतील.

सेटिंगमध्ये सेन्सरची संवेदनशीलता सगळ्यात कमी कर, आणि 'इतके सेकंद थांबला तरच रेकॉर्ड' असा पर्याय असतो तो दहावर ने.

अनिकेत_वाकड
करून बघतो. पण मग माणूस येऊन पाकीट टाकून गेला तर पकडणार कसा? त्यासाठीच घेतला ना.

व्होल्टमामा
तो सौदा आहेच. दोन्ही मिळत नाही.

नागपुरी_संत्रं
सेन्सरबद्दल आमच्याकडचं सांगतो भाऊ. मे महिन्यात दुपारी आमच्या जिन्यात हवा आणि माणूस दोघंही एकाच तापमानाचे असतात, तेव्हा हा सेन्सर आंधळा होतो. कुरिअरवाला समोर उभा, अन् स्क्रीन ढिम्म. रात्री आठनंतर पुन्हा शहाणा. मला वाटलं बिघडला, बदलून आणला, नवाही तसाच!

व्होल्टमामा
बिघडला नव्हता. माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक बघूनच तो चालतो. फरकच नाही तर त्याला दिसणार काय?

मृण्मयी_के
मामा, अनिकेत, हे वाचून वायफायवाला रद्द. आईला फोनवर व्हिडिओ बघायचाही नाहीये.

सुतारपक्षी, काल डोंबिवलीला जाऊन उदबत्तीचा प्रयोग केला. जाडी निघाली ६१ मिमी! ३६ समजून मागवला असता तर परतच करायला लागला असता. पण एक घोळ आहे. बाहेरच्या बाजूला आय नक्षीच्या पातळीवर नाही, पूर्वीच्या सुताराने पॅनलमध्ये ३० मिमी रुंद, १२ मिमी खोल खळगा करून आय आत बसवली होती. म्हणजे खळग्याच्या तळापासून मोजलं तर ४९च भरते. आता कुठलं माप धरायचं? भोक अगदी १४ आहे.

चिमणचारा
४९ धरा की. खळगा आहेच, त्यात बसेल.

सुतारपक्षी
त्याच्याकडे लांब आय नसेल, म्हणून त्याने दार पातळ केलं. नेहमीची युक्ती आहे. पण डिजिटलला ती दोन ठिकाणी नडते.

बाहेरचा डोळा केवढा आहे ते बघा. बेलचं बटण आणि सेन्सर ज्यांत आहे त्यांचं बाहेरचं तोंड साठ मिमी रुंद असतं, ते ३०च्या खळग्यात शिरणारच नाही, आणि खळग्यावर अधांतरी बसवलं तर मागे टेकू नाही. नुसत्या भिंगवाल्याचं तोंड पंचवीस-सव्वीसचं असतं, ते आत जाईल. पण मग भिंग खड्ड्यात. खड्ड्यात उभा राहून चारी बाजूंचं शेत दिसतं का? कड आडवी येते. चित्राला चारी बाजूंनी काळा गोल पडेल. तुमच्या जुन्या आयमधूनही बाहेरचं जग नळीतून बघितल्यासारखं दिसत असणार.

मृण्मयी_के
हो!! बाबा म्हणायचे, आय स्वस्तातली आहे.

सुतारपक्षी
आय बिचारी बरी होती. माझं ऐका, खळगा बुजवा. ३० मिमीची, १२ जाडीची सागवानी चकती करून फेविकॉलने बसवायची, चोवीस तास सुकू द्यायची, मग आतल्या बाजूने आहे त्याच भोकातून बिट घालून तिला १४चं भोक पाडायचं. बिट शेवटी हळू, आणि बाहेरून लाकडाचा तुकडा दाबून धरायचा, नाहीतर चकतीची कपची उडते. आता दार खरोखर ६१चं, आणि भिंग नक्षीच्या पातळीला. यासाठी ७० मिमीपर्यंत बसणारा व्ह्यूअर घ्या. ६५वाला घेऊ नका.

आणि सगळ्यात मोठी फसगत नळीची नाही, पट्टीची असते. भिंगाकडून स्क्रीनकडे चपटी रिबन केबल येते, ती नळीच्या पोटातून जाते. काही विक्रेते 'सोबत जादा नळी, ११० मिमीपर्यंत' असं सांगतात, आणि पट्टी तेवढीच आखूड. नळी बसते, पट्टी स्क्रीनच्या खाचेपर्यंत पोचत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे वाड्याच्या दाराला असंच झालं, साडेतीन इंची दार. शेवटी परत पाठवला. पट्टी नळीच्या तोंडातून निदान ४० मिमी बाहेर आली पाहिजे, तरच बोटात धरून खोचता येते.

हळदीकुंकू
पण त्या पट्टीला जोड देता येतो ना? माझा भाऊ म्हणाला, एक्स्टेंशन मिळतं.

व्होल्टमामा
मिळतं. पण दोन पिनांमधलं अंतर, पिनांची संख्या आणि कोणत्या बाजूला तांबं, हे तिन्ही जुळायला हवं. आणि कॅमेऱ्याचा सिग्नल नाजूक असतो, लांबी वाढली की चित्रात रंगीत रेघा येतात. कधी चालतं, कधी नाही. मी दोनदा केलंय, एकदा चाललं.

हळदीकुंकू
मी रिचार्जेबल सेल सुचवणार होते. एकदाच खर्च, दर वेळी नवीन आणायला नको.

व्होल्टमामा
चांगली कल्पना, पण पूर्ण बरोबर नाही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन दीडचा. चार मिळून ४.८, सहा नाही. काही व्ह्यूअर ताज्या भरलेल्या सेललाही 'बॅटरी कमी' म्हणतात. माझा पहिल्या दिवसापासून एकच दांडी दाखवत होता, तरी तीन महिने चालला. तीन सेलच्या मॉडेलला तर ३.६च मिळतात, तिथे चालूच न होण्याची शक्यता जास्त. शिवाय आईंना चार्जर हाताळायला लावायचा का, हा प्रश्न आहेच.

आणि घड्याळात घालायचे स्वस्त सेल मुळीच नकोत. घड्याळ चिमूटभर खातं, हा एकदम घास मागतो. मीटरवर दीड व्होल्ट दिसतात, पण बटण दाबलं की व्होल्ट बसतात, स्क्रीन पांढरी होऊन विझते. लोक म्हणतात व्ह्यूअर खराब. सेल बदला, ठणठणीत.

गोठोसकर_म्हापसा
आम्ही सरळ मोबाइलचा चार्जर कायमचा जोडून ठेवलाय. वायर दाराच्या बिजागरीवरून वळवून घेतली. दोन वर्षं झाली, त्रास नाही. (तीनदा वायर बदलली, ते सोडा.)

सुतारपक्षी
😄 ते सोडलं.

मृण्मयी_के
अजून एक शंका. आई बुटकी आहे आणि भोक पाच फुटांवर. स्क्रीन तिला खालून बघावी लागेल. फरक पडतो का?

व्होल्टमामा
पडतो. स्वस्तातल्या स्क्रीन खालून बघितल्या की काळ्या पडतात, माणसाचा चेहरा निगेटिव्हसारखा दिसतो. 'आयपीएस' लिहिलेली घ्या, ती चारी बाजूंनी सारखी दिसते. दुकानात बघता आला तर गुडघ्यावर बसून बघा. लोक हसतील, हसू देत.

खडूस पुणेकर
सेफ्टी डोअर आहे का तुमच्याकडे? तो मुद्दा कोणीच काढला नाही. माझ्या मेहुण्याने हेच खेळणं लाकडी दारात बसवलं, पुढे जाळीचं दार. रात्री चालू केलं की सगळं पांढरंफटक. अदृश्य प्रकाश जाळीवर आपटून परत भिंगात.

व्होल्टमामा
काका, हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्यांना सांगा, सेटिंगमध्ये 'नाइट व्हिजन' बंद करा आणि जिन्यात पाच वॅटचा एलईडी लावा. नाइट व्हिजन बंद केल्याने थोडी बॅटरीही वाचते.

मृण्मयी_के
नाही काका, सेफ्टी डोअर नाही आमच्याकडे. पण धन्यवाद 🙂

---

मृण्मयी_के (सतरा दिवसांनी)
बसवला! ४० ते ७० मिमीचा, नुसत्या भिंगवाला, साडेतीन इंची आयपीएस, चार डबल ए सेल. बेल नाही, सेन्सर नाही, वायफाय नाही.

बसवण्याची हकीकत सांगते, कारण इथे लिहिलेलं सगळं अनुभवाला आलं. आधी टेबलावरच पट्टी जोडून चालू करून बघितला, मग दाराला हात लावला. चकती आमच्या सुतारदादांनी केली. नळी घालताना मध्येच अडली. टॉर्च मारून बघितलं तर जुन्या सुताराने दोन्ही बाजूंनी भोक पाडलं होतं आणि ती मध्ये नीट भेटली नव्हती, आत पायरी झालेली. दादांनी गोल कानस घालून पाच मिनिटांत ती उडवली.

मग खरी चूक माझी. नळी आवळताना बाहेरचं भिंग कोणी धरलं नाही. नळीबरोबर भिंगही फिरलं, आत पट्टीला पीळ. चालू केला तर शेजारच्या काकू आडव्या! पुन्हा सैल करून, भिंग बाहेरून चिकटपट्टीने दाराला चिकटवलं, वरची खूण वर ठेवली, आणि मग आवळलं. अजूनही थोडं तिरकं आहे. आई म्हणते दूधवाला प्यायल्यासारखा दिसतो.

आणि दाराची साखळी! भोकाच्या पाच सेंमी खाली साखळीचा पत्रा होता, स्क्रीन त्यावर बसेना. साखळी दोन इंच खाली घ्यावी लागली, जुन्या स्क्रूची भोकं दिसतात आता. आधी पुठ्ठा कापून दारावर धरून बघितला असता तर कळलं असतं.

सुतारपक्षी
भोकांत आगपेटीची काडी फेविकॉल लावून ठोका, वर पॉलिश. जुनी आय टाकलीत की ठेवली?

मृण्मयी_के
ठेवलीय, ड्रॉवरमध्ये. का?

सुतारपक्षी
भोक १४चंच राहिलंय, वाढवलं नाही. उद्या हा बिघडला तर पाच मिनिटांत डोळा परत. फक्त आता दार ६१चं आहे, ती आय पुरणार नाही. लांब आय आणून तिच्या शेजारी ठेवा.

चिमणचारा
सेल कुठले घातलेत? आणि किती दिवस चालले ते नक्की लिहा हं. मामांचं गणित बघायचंय.

मृण्मयी_के
अल्कलाइन. आत तारीख लिहून ठेवलीय झाकणावर. पण पहिले तीन दिवस आईने गंमत म्हणून दिवसाला चाळीस वेळा बटण दाबलं, त्यामुळे गणित आधीच बिघडलंय. आता ती बेल वाजायची वाटच बघत नाही, जिन्यात पाऊल वाजलं की बघते.

एक विचारायचं राहिलं. वाऱ्याने दार जोरात आपटलं की पुढच्या वेळी स्क्रीन एक सेकंद काळी राहते, मग चित्र येतं. दोनदा झालं. सेल की पट्टी?

व्होल्टमामा
पट्टी बघा. तिच्या खाचेला काळी बारीक पट्टीएवढी झडप असते, ती पूर्ण खाली दाबलेली आहे का? अर्धवट राहिली तर हादऱ्याने सुटते. आधी सेल काढा, मगच हात लावा. आणि पीळ पडला तेव्हा पट्टीला घडी तर पडली नाही ना, तेही बघा. घडी असेल तर मग पुढचं सांगणं कठीण आहे.

मृण्मयी_के
रविवारी जातेय, बघते.